एका ताऱ्याखाली लिहिलेलं उत्तर

खानावळीच्या गूगलवरच्या पानावर पडलेला एक ताऱ्याचा शेरा कन्नडमध्ये होता. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा: "एक ताराही जास्त आहे. सहा जणांना दीड तास बसवून ठेवलं. आमच्यानंतर आलेल्या मराठी लोकांना आमच्यासमोर आधी वाढलं. आईला साखर आहे म्हणून दोनदा सांगितलं, तरी पाच मिनिटं, पाच मिनिटं करत राहिले. वर बिलात भाकरीचे वेगळे पैसे लावले. कन्नड माणसांनी इथे थांबू नये." सोबत बिलाचा फोटो.

खानावळ माझ्या मामांची. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या कडेला घराच्याच पुढच्या सोप्यात ती चालते. मामा गल्ल्यावर, मामेभाऊ वाढायला, मामी आणि थोरली वहिनी चुलीपाशी. पगारी माणूस एकच, भांडी घासायला येणारी बाई. पावसाळ्यात रविवारी धबधबे बघायला निघालेल्या गाड्या थांबतात, एरवी वाटेवरचे ड्रायव्हर आणि आसपासच्या वाड्यांवरचे लोक. मी बेळगावात लहान हॉटेलवाल्यांचे हिशेब आणि जीएसटीची कागदपत्रं बघते. त्यातल्या बऱ्याच जणांचं गूगलवरचं पानही हळूहळू माझ्याकडेच आलं, कारण मालकाला चटणीचं प्रमाण कळतं, पासवर्ड लक्षात राहत नाही. मामांचं पानही मीच बघते. त्यामुळे हा शेरा सगळ्यांत आधी मला दिसला आणि मामेभावाचा फोन दहा मिनिटांत आला.

त्यानं उत्तर लिहून ठेवलं होतं. त्यात तीन गोष्टी होत्या. दीड तास हे खोटं आहे. आमच्या घरात कन्नड-मराठी असलं काही नाही, वहिनीचं माहेरच बैलहोंगलचं आहे. आणि भाकरी फुकट पाहिजे असेल तर घरी थापून खा. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या, आणि तरीही ते उत्तर जसंच्या तसं लावलं असतं तर खानावळीचं नुकसान त्या शेऱ्यापेक्षा त्या उत्तरानं जास्त झालं असतं. मी त्याला एवढंच म्हटलं की मी येईपर्यंत काही लिहू नको, आणि त्या दिवसाच्या चिठ्ठ्या फेकू नको.

चिठ्ठ्या म्हणजे ऑर्डर लिहायच्या पॅडची पानं. लहान खानावळीत त्या दिवसभर खिळ्याला टोचलेल्या असतात आणि रात्री चुलीत जातात. तक्रारीला उत्तर द्यायचं असेल तर पहिलं काम त्या वाचवण्याचं. मग फोनमधली कॉलची यादी आणि पैसे जमा झाल्याचे यूपीआयचे संदेश. या तीन गोष्टींतून रविवारची दुपार बऱ्यापैकी पुन्हा मांडता येते. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून ती मांडली.

दुपारी पावणेएकला एक फोन आला होता. चौदा जण येणार, पावणेतीनपर्यंत पोचू, थाळ्या तयार ठेवा. थाळीत दोन भाकऱ्या, म्हणजे अठ्ठावीस भाकऱ्या. आमच्याकडे दोन तवे. एका तव्यावर एक भाकरी थापून टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची आणि शेवटी विस्तवाला लावून फुगवायची, यात तीन मिनिटं जातात. दोन तव्यांवर मिळून तासाला चाळीस. हात कितीही चालला तरी त्याच्या वर आकडा फारसा जात नाही, कारण अडतं ते तव्यावर. आणि ज्वारीचं पीठ आधी मळून ठेवता येत नाही. त्याला गव्हासारखा चिकटपणा नाही, उकळत्या पाण्यानं जो काही येतो तो पीठ गार झालं की जातो, कडा फाटतात, भाकरी तव्यावर टाकताना हातातच तुटते. पोळ्यांची कणीक सकाळी तिंबून झाकून ठेवता येते तशी इथे सोय नाही. एकेका भाकरीचं पीठ त्या त्या वेळी मळायचं.

तर दोन वाजून दहा मिनिटांनी त्या चौदा जणांच्या भाकऱ्या सुरू झाल्या. अडीचला हे सहा जणांचं कुटुंब येऊन बसलं. तेव्हा दोन्ही तवे गुंतलेले होते आणि पावणेतीनच्या पुढेपर्यंत गुंतलेलेच राहणार होते. चौदा जण आले, बसले, त्यांच्यापुढे तयार ताटं गेली. त्यानंतर या सहा जणांच्या बारा भाकऱ्या, त्यांना अठरा मिनिटं. म्हणजे त्यांच्यापुढे ताट आलं ते तीन वाजून दहाच्या सुमारास. चाळीस मिनिटं. नंतर त्यांनी आणखी चार भाकऱ्या मागितल्या, जेवले, आणि यूपीआयवर पैसे आले तीन चाळीसला. बसल्यापासून उठेपर्यंत सत्तर मिनिटं.

मामेभाऊ उसळलाच. "बघ की! दीड तास कुठं झाला? हेच लिही."

हे लिहायचं नसतं. कडकडून भूक लागलेली असताना, शेजारी आई डोकं धरून बसलेली असताना गेलेली चाळीस मिनिटं आपण घड्याळानं मोजून दाखवली तर वाचणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट राहते: खानावळवाले मान्य करतात की चाळीस मिनिटं बसवलं, आणि वर वाद घालतात. आकडा खोडून आपल्या हाती काही येत नाही. शिवाय ताटकळल्याचं ते नाकारतच नव्हते, आणि आपणही नाकारू शकत नव्हतो.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. मी विचारलं की भाकरीला इतका वेळ लागेल हे त्यांना बसताना कुणी सांगितलं? मामेभाऊ म्हणाला, लिहिलेलंच आहे. त्यानं फळ्याकडे बोट केलं. गल्ल्याच्या मागे काळा फळा आहे, त्यावर खडूनं रोजचे पदार्थ असतात आणि खाली दोन ओळी कायमच्या: भाकरी ताजी करून मिळेल, अर्धा तास लागेल. थाळीत दोन भाकऱ्या, पुढची प्रत्येकी २० रुपये. सगळं मराठीत. बाहेरचा मोठा फलक रंगाऱ्याकडून करून घेतलेला. २०२४च्या कायद्यानं कर्नाटकात दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड हवं, त्याप्रमाणे वर ठळक कन्नड, खाली मराठी. त्या कन्नडमध्ये खानावळीचं नाव आहे आणि 'जेवण तयार आहे' एवढंच आहे.

म्हणजे कन्नड वाचणारा माणूस रस्त्यावरून 'जेवण तयार' हे वाचून आत येतो, आणि 'अर्धा तास लागेल' हे ज्या फळ्यावर आहे तो त्याला वाचता येत नाही. जादा भाकरीचा दरही तिथेच. त्यांनी केलेला आरोप, की मराठी लोकांना आधी वाढलं, तो घडल्या गोष्टीला धरून नव्हता. ताटं फोनच्या क्रमानं गेली होती. पण भाषेमुळे आपल्याला डावललं असं त्यांना जे वाटलं, त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट होती. त्या सोप्यात मराठी वाचणाऱ्याला जे आपोआप कळत होतं ते त्यांना कळायची सोय नव्हती. मामा बराच वेळ त्या फळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हे आपल्या ध्यानातच आलं नाही काय ग कधी."

रागानं लिहिलेल्या शेऱ्यात दोष जिथे दाखवलेला असतो, तिथेच तो असतो असं नाही. ग्राहकाला दिसतं ते ताटांचं मागंपुढं होणं. त्याला फोनची यादी दिसत नाही, तवे दिसत नाहीत. म्हणून त्यानं जोडलेलं कारण चुकीचं असू शकतं आणि तरी त्याला झालेला त्रास खरा असतो. उत्तर लिहिणाऱ्यानं कारण खोडण्यात जोर लावला की त्रास तसाच राहतो. आणि सगळंच कबूल करून टाकलं, तर न केलेला भेदभावही आपण केला असं होऊन बसतं. या भागात तर ते फार महाग पडतं.

मामांचा कल त्या दुसऱ्या टोकाला होता. त्यांचं म्हणणं, लिहून टाक, आमचं सगळं चुकलं, पुन्हा या, घरच्यांसह फुकट जेवून जा, फक्त ते तारे तेवढे वाढवा. मामांचा स्वभावच तसा, दारात आलेला माणूस रागानं गेला की त्यांना रात्रभर झोप लागत नाही. पण हे दोन कारणांनी चालणार नव्हतं. शेरा बदलण्यासाठी किंवा काढून टाकण्यासाठी काही देऊ करणं गूगलच्या नियमात बसत नाही. आणि ते नसतं तरी, ज्याच्या आईची आबाळ झाली त्याला आपण ताऱ्यांचा भाव विचारतो आहोत असं त्यातून वाचलं जातं. उत्तरात ताऱ्यांचा उल्लेखसुद्धा नको असं मी ठरवूनच टाकलेलं आहे, माझ्याकडच्या सगळ्याच हॉटेलांसाठी.

मामेभावाकडे आणखी एक बेत होता. यूपीआयच्या संदेशात पैसे पाठवणाऱ्याचं नाव येतं, त्यावरून त्यानं माणूस शोधला होता. सरळ फोन लावून बोलून टाकूया म्हणाला. मी हात धरला. त्यांनी पैसे दिले तेव्हा नाव दिसलं, ते काही आपल्याला शोधून काढण्यासाठी दिलेलं नव्हतं. तक्रार लिहिल्यावर रात्री हॉटेलवाल्याचा फोन आला तर हेतू कितीही चांगला असो, समोरच्याच्या घरात भीतीच शिरते. याच कारणानं उत्तरातही त्यांचं नाव, गाडी, किती माणसं होती, काय खाल्लं, यातलं काही लिहायचं नाही. आपला नंबर द्यायचा, फोन करायचा की नाही हे त्यांच्यावर सोडायचं.

मामी तोवर काही बोलली नव्हती. आता पदराला हात पुसत म्हणाली, "त्या म्हातारीला साखर आहे म्हणून मला आत कुणी सांगितलंच नाही. मी भात वाढलो असतो की लगेच. आमटी होती, भात होता, ताक होतं." मग थोड्या वेळानं, "साखरवाल्याला भात नको म्हणतात, पण उपाशी ठेवण्यापरीस..."

उत्तराचं पहिलं वाक्य मला तिथे मिळालं. गावोगावी हॉटेलांच्या पानांवर उत्तरं एकाच साच्यातून येतात: आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ते कुणालाही, कशाखालीही चिकटवता येतं, आणि वाचणाऱ्याला ते एका नजरेत ओळखू येतं. इथे त्या शेऱ्यातली सर्वांत गंभीर गोष्ट वयस्कर आईची होती. मधुमेहाच्या माणसाचं, त्यातही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचं, जेवण लांबलं की साखर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. मुलानं दोनदा सांगितलं ते उगाच सांगितलेलं नव्हतं. म्हणून माफी आधी तिची, आणि नेमकी तिची.

लिहायला बसलो तेव्हा आम्ही चौघं होतो. मी मराठीत मसुदा करत गेले, वहिनी कन्नडमध्ये. शेरा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत उत्तर आधी आलं पाहिजे, याबद्दल आमच्यात वाद झाला नाही. भाषांतराचं बटण असतं, पण माफी यंत्राच्या हवाली करायची नसते. माझं शाळेतलं कन्नड अर्ज लिहिण्याइतकं आहे. वहिनी ज्या घरात वाढली तिथलं कन्नड तिच्या हातात आहे, आणि कुणाच्या वयस्कर आईबद्दल कसं लिहायचं हे तिनं मला विचारलं नाही. मराठी उत्तर खाली जोडायचं ठरलं, कारण ते पान मराठी लोकही वाचतात आणि खानावळीनं कन्नडमध्ये एक आणि मराठीत दुसरंच काही म्हटलं असा संशय कुणाला यायला नको.

शेवटी जे लावलं त्याचं मराठी असं आहे:

"नमस्कार. आपल्या आईंना साखरेचा त्रास असताना त्यांना जेवणासाठी ताटकळत बसावं लागलं, याबद्दल आम्ही घरचे सगळे त्यांची आणि आपली माफी मागतो. आपण सांगितल्याबरोबर त्यांना भात, आमटी, ताक लगेच द्यायला हवं होतं. ते आमच्याकडून झालं नाही.

आमच्याकडे भाकरी ऑर्डर आल्यावर थापली जाते आणि तवे दोनच आहेत. आपल्यानंतर बसलेल्या मंडळींनी दुपारी फोनवर सांगून ठेवलं होतं, त्यांच्या भाकऱ्या आपण येण्याआधीच सुरू झाल्या होत्या. हे आणि लागणारा खरा वेळ आपल्याला बसतानाच सांगायला हवा होता. पाच मिनिटं म्हणत राहणं चुकीचं होतं.

भाकरीला लागणारा वेळ आणि जादा भाकरीचा दर आतल्या फळ्यावर फक्त मराठीत होता. ही आमची चूक. आता दोन्ही गोष्टी कन्नडमध्येही लिहिल्या आहेत, आतही आणि दाराशीही. आधी न सांगता लावलेले जादा भाकरीचे ८० रुपये आम्हाला परत करायचे आहेत. या पानावरच्या नंबरवर कधीही फोन करा, मालक स्वतः बोलतील."

यातून जे गाळलं ते लिहिलेल्यापेक्षा जास्त होतं. ज्वारीच्या पिठाची सगळी कथा गाळली, एक वाक्य ठेवलं. त्याहून जास्त कारणं दिली की ती सबब होते. 'आम्ही भेदभाव करत नाही' हे वाक्य मामेभावाला हवंच होतं. मी म्हटलं, फोनच्या ऑर्डरचं वाक्य तेच काम करतं, आणि ते घडलेली गोष्ट सांगतं. आपल्या मनात काय आहे याची ग्वाही वाचणाऱ्याला तपासता येत नाही. वहिनीच्या माहेरचा उल्लेखही नको म्हटलं. ती तिथे बसून लिहीत होती, तिला आपल्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून पुढे करणं बरं दिसत नव्हतं. तिनं मान हलवली.

मालकाचं उत्तर शेऱ्याच्या लगेच खाली दिसतं, शेरा लिहिणाऱ्याला त्याची सूचना जाते, आणि नंतर आपल्याला ते दुरुस्तही करता येतं. तरी आम्ही ते लगेच लावलं नाही. 'आता कन्नडमध्येही लिहिलं आहे' हे वाक्य खरं होण्याआधी ते बाहेर जाता कामा नये. सोमवारी वहिनीनं फळा पुसून दोन्ही भाषांत लिहिला. मंगळवारी दाराशी छोटी पाटी लागली. बुधवारी उत्तर लावलं. शेरा आल्यावर तासाभरात उत्तर दिलंच पाहिजे असं काही जण सांगतात, पण तासाभरात दिलेल्या उत्तरात आम्हाला फळ्याची गोष्ट लिहिताच आली नसती, ती आम्हाला माहीतच नव्हती.

मधल्या दोन दिवसांत व्हायचं ते झालं. शेऱ्यातली शेवटची ओळ कुठेतरी पसरली आणि कधी न आलेल्या लोकांनी एकेक तारा देऊन भाषेवरून लिहिलं. उलट बाजूनं गल्लीतली पोरं मामेभावाला म्हणू लागली, आम्ही पन्नास जण पाच-पाच तारे देतो. आम्ही दोन्हींना वेगळं वागवलं. जे कधी जेवलेच नाहीत त्यांचे शेरे प्रत्यक्ष अनुभवावर नाहीत म्हणून मी गूगलला कळवले. काही गेले, एक अजून आहे. त्या कुटुंबाचा शेरा मात्र कळवण्याचा प्रश्नच नव्हता. मालकाला पटत नाही एवढ्यावर शेरा काढला जात नाही, आणि ते लोक खरोखर येऊन बसले होते. पोरांना मामांनी स्वतः सांगितलं की न जेवता कुणी काही लिहू नका, जेवून लिहायचं असेल तर या. पन्नास खोटे तारे एका दिवशी पडले की खरेही खोटे दिसायला लागतात.

सरासरीची भीती मामांना होती, तीही मी कागदावर काढून दाखवली. खानावळीचे तेव्हा चाळीस शेरे होते, सरासरी ४.६. एक तारा पडल्यावर ती ४.५ दाखवू लागली. पुढचे चार जण पाच तारे देऊन गेले की पुन्हा ४.६. लहान जागेला एका शेऱ्याचा धक्का दिसतो खरा, पण तो भरून निघायलाही फार लोक लागत नाहीत. आकडा भरून निघतो, खाली लिहिलेलं मात्र राहतं, आणि जेवायला कुठे थांबायचं हे ठरवणारा माणूस वाईट शेरे आधी उघडून बघतो.

त्या कुटुंबाचा फोन आलेला नाही. शेरा आहे तसा आहे, एक तारा. ८० रुपये मामांनी एका पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत, त्यावर तारीख लिहिली आहे.

बदललंय ते रविवारचं काम. दोन वाजले की मामेभाऊ दाराशी उभा राहतो आणि गाडीतून उतरणाऱ्याला आधी कन्नडमध्ये, मग मराठीत सांगतो: भात-आमटी लगेच मिळेल, भाकरीला चाळीस मिनिटं. कुणाला साखर, कुणी लहान मूल आहे का विचारतो आणि आत आवाज देतो. ऐकून काही गाड्या तशाच पुढे जातात. पहिल्या रविवारी चार गेल्या. मामी आतून बघत होती, तिला ते अजून सोसत नाही. "तिसरा तवा घालूया काय?" म्हणून ती मला परवा विचारत होती. तिसऱ्या तव्याला तिसरी थापणारी लागेल, तिचा पगार, सरपण आणि पावसाळ्यानंतरचे रिकामे महिने असा सगळा हिशेब सध्या माझ्यासमोर आहे.